विश्लेषण : तीन तासांत ‘चालला नाही’ ठरलेल्या व्हिडीओचे काय करायचे?

दुपारचे दोन वाजलेले असतात. डिजिटल डेस्कच्या बैठकीत मोठ्या स्क्रीनवर यूट्यूब स्टुडिओ उघडलेले असते. सकाळी अकराला टाकलेल्या व्हिडीओसमोर क्रमांक दिसतो : १० पैकी १०वा. म्हणजे चॅनेलच्या शेवटच्या दहा व्हिडीओंमध्ये तळाला. कुणीतरी म्हणते, ‘‘हा चालला नाही. होमपेजवरून काढा आणि संध्याकाळचे पुश बिबट्यालाच द्या.’’ अर्ध्या मिनिटात निर्णय होतो आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी आमच्याकडे असा निकाल लागलेला व्हिडीओ होता कांदा चाळीवरचा. उन्हाळी कांदा निघाला की शेतकरी तो चाळीत भरतो आणि भाव बघत पुढचे काही महिने थोडा थोडा बाहेर काढतो. चाळीत हवा खेळती राहिली नाही तर कांदा सडतो किंवा त्याला कोंब फुटतात. आमच्या तालुका वार्ताहराने दोन दिवस चाळींमध्ये फिरून, शेतकऱ्यांशी बोलून ११ मिनिटांचा व्हिडीओ केला होता. पहिल्या तीन तासांत त्याला ३२० व्ह्यूज मिळाले. आदल्या रात्री टाकलेल्या बिबट्याच्या व्हिडीओला तेवढ्याच वेळात ९,००० मिळाले होते.

त्या दिवशी मी हट्टाने संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. पुढे काय झाले ते सांगतोच. (आकडे कार्यालयाचे आहेत, म्हणून प्रमाण तेच ठेवून गोल केले आहेत.) पण आधी माझे म्हणणे सांगतो. पहिल्या २४ तासांचा आलेख हा निकाल म्हणून नव्हे, तुलना म्हणून वाचायला हवा. तुलना सारख्याशी सारख्याची झाली पाहिजे. आणि पुश, होमपेज, व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल यांचे बळ आधीच पळणाऱ्या व्हिडीओला देण्याऐवजी, ज्याला प्रेक्षक कमी भेटले पण भेटले ते थांबले, त्याला द्यायला हवे.

चॅनेलचा ‘नेहमीचा आलेख’ म्हणजे काय?

व्हिडीओ प्रसिद्ध झाल्यापासून तासागणिक एकूण व्ह्यूज कसे वाढत गेले याची रेघ काढली की त्या व्हिडीओचा आलेख तयार होतो. अशा अनेक जुन्या व्हिडीओंच्या रेघा एकावर एक ठेवल्या की मधोमध एक पट्टा दिसतो. बहुतेक व्हिडीओ याच पट्ट्यातून चालतात. नवा व्हिडीओ त्या वयाला पट्ट्याच्या वर आहे, आत आहे की खाली, हे पाहायचे. यूट्यूब स्टुडिओ हेच करडा पट्टा आणि दहापैकी क्रमांक या रूपात दाखवते. व्हिडीओचे वय सारखे धरले जाते, म्हणजे आजच्या व्हिडीओचे पहिले तीन तास जुन्या व्हिडीओंच्या पहिल्या तीन तासांशी ताडले जातात. इथपर्यंत सगळे बरोबर आहे.

अडचण त्या दहा व्हिडीओंमध्ये आहे. एखादी गृहिणी आठवड्याला एक पाककृती टाकत असेल तर तिचे शेवटचे दहा व्हिडीओ बऱ्यापैकी सारखे असतात. वृत्तपत्राच्या चॅनेलवर मात्र एका दिवसातच दहा व्हिडीओ पडतात. त्यात दीड मिनिटाची ब्रेकिंग न्यूज असते, पत्रकार परिषद असते, मुलाखत असते आणि ११ मिनिटांचा कांदाही असतो. या गर्दीत कांद्याचा दहावा क्रमांक आला तर त्यातून कांद्याविषयी फारसे कळत नाही. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी व्हर्निअर हातात देताना सर सांगायचे, मोजायच्या आधी शून्य त्रुटी बघा. इथे शून्य रेघच हललेली असते आणि आपण त्यावरून माप घेत असतो.

तुलना कुठे फसते?

पहिली फसगत घड्याळाची. सकाळी अकराला टाकलेला व्हिडीओ तीन तासांचा होतो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. रात्री आठला टाकलेला व्हिडीओ तीन तासांचा होतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. मधल्या तीन तासांत जेवणे उरकलेली, हातात मोबाइल आलेला. दोघांचे वय सारखे, पण एकाने ओस पडलेला बाजार पाहिला आणि दुसऱ्याने भरलेला. कांदा चाळ बघणारा माणूस एप्रिलच्या दुपारी शेतात किंवा बाजार समितीत असतो. तो व्हिडीओ बघणार रात्री. सकाळच्या व्हिडीओचा आलेख दुपारी सपाट असतो आणि सातनंतर वर चढतो. रात्रीच्या व्हिडीओचा आलेख लगेच चढतो आणि मध्यरात्री सपाट होतो. हे दोन आकार एकाच पट्ट्यात घातले की सकाळचा प्रत्येक व्हिडीओ दुपारी नापास दिसतो.

दुसरी फसगत घंटेची. ज्यांनी चॅनेलची घंटा पूर्ण चालू ठेवली आहे अशा सबस्क्रायबरलाही यूट्यूब एका चॅनेलकडून २४ तासांत जास्तीत जास्त तीन नव्या व्हिडीओंची सूचना पाठवते. दिवसाला दहा व्हिडीओ टाकणाऱ्या चॅनेलच्या उरलेल्या सात व्हिडीओंना घंटा वाजतच नाही. कोणत्या व्हिडीओला सूचना जाऊ द्यायची हे अपलोड करताना एका चौकटीत खूण ठेवून किंवा काढून ठरवता येते. ज्याला घंटा मिळते त्याचा पहिला तास उंच असतो. ही उंची विषयाची नसून सूचनेची असते. बिबट्याला घंटा मिळाली होती, कांद्याला नाही.

तिसरी फसगत सरासरीची. गटातल्या ११ व्हिडीओंपैकी दहांना २४ तासांत साधारण ४,००० व्ह्यूज मिळाले आणि एक व्हिडीओ काही कारणाने २ लाखांवर गेला, तर सरासरी २१ हजारांच्या पुढे जाते. त्या मापाने उरलेले दहाही व्हिडीओ अपयशी ठरतात. मधला आकडा, म्हणजे मध्यक घेतला तर तो ४,००० च्या आसपासच राहतो. म्हणून सरासरी वापरू नये, मध्यक वापरावा.

आपला पट्टा आपण कसा काढायचा?

यासाठी संगणकशास्त्र लागत नाही, एक शीट पुरते. आधी व्हिडीओंचे गट पाडायचे. आमच्याकडे प्रकार, लांबी, प्रसिद्धीची वेळ आणि घंटा या चार गोष्टींवर गट पडतात. कांद्याचा गट होता ‘८ ते १२ मिनिटांचे विश्लेषण, कामाच्या दिवशी सकाळी १० ते १२ मध्ये टाकलेले, घंटा नाही’. या गटातले शेवटचे ११ व्हिडीओ घेतले आणि प्रत्येकाचे १, ३, ६, ९ आणि २४ तासांचे व्ह्यूज पाच रकान्यांत भरले. जुने आकडे स्टुडिओच्या विस्तृत अहवालातून घेता येतात. पण सर्वात सोपे म्हणजे आजपासून प्रत्येक व्हिडीओची नोंद त्या-त्या तासाला करत जाणे. मग प्रत्येक रकान्याखाली तीन सूत्रे :

```
=MEDIAN(C2:C12)
=QUARTILE(C2:C12,1)
=QUARTILE(C2:C12,3)
```

पहिले सूत्र मधला आकडा देते. उरलेली दोन पट्ट्याची खालची आणि वरची कड देतात. ११ व्हिडीओंपैकी तळाचे तीन आणि वरचे तीन सोडले की मधले पाच याच पट्ट्यात येतात. अकराच का? कमी घेतले तर एखादा विचित्र व्हिडीओ सगळा पट्टा हलवतो. फार जास्त घेतले तर चॅनेल सहा महिन्यांपूर्वी कसे होते त्याचे माप निघते. मोठे चॅनेल असेल तर २० घ्यावेत. गटच इतका लहान असेल की ११ व्हिडीओही जमत नाहीत, तर लांबीची अट सैल करावी. वेळ आणि घंटेची अट मात्र सोडू नये, कारण पहिल्या सहा तासांवर सर्वात मोठा परिणाम त्यांचाच होतो.

कांद्याच्या गटाचा पट्टा असा निघाला. तीन तासांना मधला आकडा ५००, पट्टा ४०० ते ७००. चोवीस तासांना मधला आकडा ४,०००, पट्टा ३,००० ते ६,०००. कांदा तीन तासांना ३२०. म्हणजे आपल्या माणसांतही तो पट्ट्याखालीच होता, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. पण ‘बिबट्याच्या तुलनेत अठ्ठाविसावा भाग’ आणि ‘आपल्या गटाच्या मधल्या आकड्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी’ या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. गंमत म्हणजे बिबट्याला त्याच्या गटात, म्हणजे रात्री घंटेसह टाकलेल्या ब्रेकिंगमध्ये बसवले तेव्हा तिथला मधला आकडा ८,००० निघाला. ९,००० म्हणजे पट्ट्याच्या आतच. ज्याला आपण हिट समजत होतो, तो त्याच्या घरात अगदी सर्वसाधारण मुलगा होता.

मग पट्ट्याखालचा व्हिडीओ पुढे का ढकलायचा?

कारण व्ह्यूज हा एक आकडा नाही, तो गुणाकार आहे. व्हिडीओचे थंबनेल किती वेळा लोकांसमोर आले, याला स्टुडिओ इम्प्रेशन म्हणते. समोर आल्यावर शंभरातल्या किती जणांनी क्लिक केले, तो क्लिक-थ्रू रेट म्हणजे सीटीआर. आत आल्यावर माणूस किती वेळ थांबला, तो सरासरी पाहण्याचा वेळ. व्ह्यूज कमी पडले तर या साखळीत कुठे कमी पडले ते शोधायचे. दुकानात गिऱ्हाईक नाही, हे दुकान गल्लीत असल्यामुळे की माल खराब असल्यामुळे, हा फरक आहे.

कांद्याच्या गटात तीन तासांना साधारण ६,००० इम्प्रेशन असतात आणि सीटीआर ५ टक्के. त्यातून ३०० व्ह्यूज येतात. उरलेले २०० चॅनेलचे पान, आमची वेबसाइट, शोध अशा इतर वाटांनी. कांद्याला इम्प्रेशन मिळाली होती फक्त २,५००. पण सीटीआर होता ८ टक्के, म्हणजे २०० व्ह्यूज तिथून आणि १२० इतर वाटांनी. आणि गटात लोक सरासरी ३ मिनिटे १० सेकंद थांबतात, तिथे कांद्यावर ४ मिनिटे ४० सेकंद थांबले होते. दुकान गल्लीत होते. माल चांगला होता.

इथे उतावळेपणा करणाऱ्याला दोन खड्डे आहेत. पहिला, लहान आकड्यांचा. २०० इम्प्रेशनवर ५ टक्के सीटीआर म्हणजे दहा क्लिक. निव्वळ योगायोगाने ते पाचही होऊ शकतात आणि पंधराही. म्हणजे २०० इम्प्रेशनवर दिसणारा ८ टक्के आणि ५ टक्के यांत फरक आहे असे म्हणताच येत नाही. २,००० इम्प्रेशन झाली की हा योगायोग साधारण एक टक्का वर किंवा एक टक्का खाली इतका आकसतो. म्हणून आमच्या शीटमध्ये २,००० इम्प्रेशनच्या आधी सीटीआरचा रकाना कोराच ठेवायचा, असा नियम आहे.

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. यूट्यूब नवा व्हिडीओ आधी नेहमीच्या प्रेक्षकांसमोर ठेवते आणि मग हळूहळू अनोळखी लोकांसमोर. ओळखीचे लोक जास्त क्लिक करतात. त्यामुळे इम्प्रेशन कमी असतानाचा सीटीआर बहुधा जास्तच दिसतो आणि इम्प्रेशन वाढली की खाली येतो. म्हणजे कांद्याचा ८ टक्के हा केवळ कमी लोकांसमोर गेल्याचा परिणाम असू शकत होता. यावर उपाय असा की गटातल्या इतर व्हिडीओंची इम्प्रेशन जेव्हा २,५०० होती, तेव्हाचा त्यांचा सीटीआर पाहायचा. तो निघाला ६ टक्के. फरक तीनवरून दोन टक्क्यांवर आला, पण उरला. आणि थांबण्याचा वेळही त्याच दिशेने बोट दाखवत होता. दोन वेगळे साक्षीदार एकच सांगत असतील तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

हाच हिशेब उलटा निघाला असता तर? इम्प्रेशन भरपूर आणि क्लिक कमी, पण आलेला माणूस थांबतो आहे, तर थंबनेल किंवा शीर्षक बदलायला हवे. पुश देऊन उपयोग नाही, कारण तेच फसलेले शीर्षक आपण आणखी लोकांना दाखवू. क्लिक भरपूर पण माणूस अर्ध्या मिनिटात बाहेर, तर शीर्षकाने आत नसलेल्या गोष्टीचे वचन दिले आहे. असा व्हिडीओ पुढे ढकलणे म्हणजे वाचकाला फसवायला स्वतःचे पैसे खर्च करणे. आणि सगळेच आकडे पट्ट्याच्या वर असतील तर त्याला सुखाने धावू द्यावे. तिथे पुश देणे म्हणजे भरलेल्या विहिरीत कळशी ओतणे.

ठरले कधी आणि काय केले?

वेळ नेमकी ठरवून ठेवली नाही तर जो मोठ्याने बोलतो त्याचे खरे होते. आता आमच्याकडे तीन थांबे आहेत. पहिल्या तासाला फक्त बिघाड बघायचा : आवाज आहे ना, थंबनेल लागले ना, चुकून ‘अनलिस्टेड’ तर राहिला नाही ना. इथे व्ह्यूजकडे बघायचेच नाही. सहाव्या तासाला साखळी बघून कोणता व्हिडीओ बळ देण्याजोगा आहे त्याची निवड करायची. आणि बळ द्यायचे ते त्या विषयाचा प्रेक्षक मोबाइल हातात घेतो त्या वेळी.

कांदा सहाव्या तासाला, म्हणजे संध्याकाळी पाचला ६४० वर होता. गटाचा पट्टा ७०० ते १,२००. अजूनही खालीच, पण कड जवळ आली होती आणि थांबण्याचा वेळ टिकून होता. रात्री आठला तो १,१५० वर असताना आम्ही एक पुश पाठवले. सगळ्या राज्याला नाही, तर नाशिक, अहिल्यानगर, पुणे आणि सोलापूर या कांद्याच्या जिल्ह्यांतल्या अ‍ॅप वाचकांनाच. पुशची संख्या मुद्दाम मोजकी असते, कारण नको असलेली सूचना वारंवार आली की वाचक सगळ्याच सूचना बंद करतो आणि तो वाचक मग परत मिळत नाही. मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला कांदा चाळीचे पुश पाठवून आपण त्याचा संयम खर्च करतो आणि तो क्लिक करून दहा सेकंदांत बाहेर पडला तर व्हिडीओचे आकडेही बिघडवतो.

चोवीस तासांना आकडा झाला ६,३००. बैठकीत टाळ्या पडायला एवढे पुरेसे होते. पण त्यातले १,९०० बाहेरून आलेले होते, म्हणजे मुख्यतः आमच्याच पुशचे. ते वजा केले तर उरतात ४,४००. गटात बाहेरून साधारण ३०० येतात, ते वजा केले तर नेहमीचा आकडा ३,७००. तेव्हा खरी तुलना ४,४०० विरुद्ध ३,७०० अशी आहे. कांदा जिंकला, पण थोड्याने. त्यातही पुशमुळे यूट्यूबने तो जास्त लोकांना सुचवला, की रात्री शेतकरी मोबाइलवर आल्यामुळे तो आपोआपच चढला, हे एका व्हिडीओवरून सांगता येत नाही. थांबण्याचा वेळ पुशनंतर ४ मिनिटे ४० सेकंदांवरून ३ मिनिटे ५० सेकंदांवर उतरला. नव्या प्रेक्षकांत तेवढी घसरण होतेच, तरी तो गटाच्या वर होता.

बळ दिल्यावर आलेखाचे काय होते?

डेस्कवर सहसा न बोलला जाणारा प्रश्न हाच आहे. आपण पुश दिले त्या क्षणापासून तो आलेख व्हिडीओचा राहत नाही, तो आपला होतो. असे व्हिडीओ गटात तसेच ठेवले तर पुढच्या महिन्यात पट्टा फुगतो. मग पुश न मिळालेला प्रत्येक व्हिडीओ अपयशी दिसतो, त्याला पुश मिळत नाही आणि आपण म्हणतो, बघा, आमचा अंदाज बरोबर होता. दुसरीकडे, पुश दिलेले सगळे व्हिडीओ गटातून काढून टाकले तर चांगले व्हिडीओच वगळले जातात आणि पट्टा उगाच खाली येतो. मग सामान्य व्हिडीओही चमकदार वाटायला लागतो.

आम्ही काढलेली वाट अशी. पुश दिलेल्या व्हिडीओचे पुशच्या आधीचे तास पट्ट्यासाठी वापरायचे आणि नंतरचे तास वगळायचे. नंतरच्या तासांचा पट्टा रिकामा पडू नये म्हणून आठवड्यातून एकदा, बळ देण्याजोगे दोन व्हिडीओ असतील तेव्हा, नाणे उडवून एकालाच द्यायचे. दुसरा आपोआप किती चालतो ते पाहायचे. संपादकांना हे पटवायला मला सर्वात जास्त वेळ लागला. ‘‘चांगला व्हिडीओ हातात असताना तो नाण्यावर सोडायचा?’’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पण तसे केल्याशिवाय पुशने खरेच काही होते का, हे कधीच कळणार नाही. जे आधीच चालणार होते त्यांनाच पुश देऊन ‘पुशमुळे चालले’ म्हणणे म्हणजे पाऊस पडल्यावर बेडकाला श्रेय देणे.

पैसे देऊन केलेल्या प्रमोशनबद्दलही माझे मत याच कारणाने कडक आहे. स्टुडिओमधूनच आता जाहिरात चालवता येते. त्यातून आलेले व्ह्यूज जाहिरातीच्या वेगळ्या स्रोताखाली दिसतात. पण पहिल्या २४ तासांत जाहिरात लावली तर एकूण रेघ वर जाते, सरासरी वेळ खाली येतो आणि व्हिडीओ स्वतः काय सांगत होता ते ऐकू येईनासे होते. लहान चॅनेलवाल्यांनी तर हेही लक्षात ठेवावे की यूट्यूबच्या पार्टनर प्रोग्रॅमसाठी लागणाऱ्या ४,००० तासांत जाहिरातीतून मिळालेला पाहण्याचा वेळ धरला जात नाही.

चोवीस तास पुरेसे आहेत का?

बळ द्यायचे की नाही हे ठरवायला पुरेसे आहेत. व्हिडीओची किंमत ठरवायला नाहीत. गाबोर साबो आणि बर्नार्डो ह्युबरमन या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिग या बातम्यांच्या संकेतस्थळाची आणि यूट्यूबची तुलना केली होती. डिगवरची बातमी ३० दिवसांनी किती लोकप्रिय असेल याचा चांगला अंदाज पहिल्या दोन तासांच्या आकड्यांवरून बांधता आला. यूट्यूबवर तेवढ्याच अचूकतेसाठी व्हिडीओवर दहा दिवस लक्ष ठेवावे लागले. तेव्हाचे यूट्यूब आजच्यासारखे नव्हते, पण कारण आजही तेच आहे. बातमी शिळी होते. व्हिडीओ लोक शोधून बघतात.

कांद्याचे नेमके हेच झाले. आमच्या गटातले विश्लेषण महिनाभरात २४ तासांच्या साधारण दीडपट होते. कांदा तिप्पट झाला आणि नंतरचे बहुतेक प्रेक्षक शोधातून आले. चाळ बांधायला घेतलेला माणूस मोबाइलवर ‘कांदा चाळ’ टाइप करतो, त्याला आमच्या मंगळवारशी देणेघेणे नसते. बिबट्या तिसऱ्या दिवशी थांबला. बातमी म्हणून त्याने त्याचे काम केले होते, त्यात कमीपणा नाही. पण २४ तासांच्या रेघेत हा फरक कुठेच दिसत नाही आणि दिसणारही नाही.

आणखी एक मर्यादा. कधी कधी सगळे चॅनेलच खाली असते. आयपीएलचा मोठा सामना असतो, निकालाचा दिवस असतो, सगळे प्रेक्षक दुसरीकडे गेलेले असतात. म्हणून व्हिडीओ पट्ट्याखाली दिसला की त्याच तासाला चॅनेलचे एकूण व्ह्यूज नेहमीपेक्षा किती कमी आहेत तेही बघावे. सगळ्यांचेच २० टक्क्यांनी घटले असतील तर त्या व्हिडीओचे २० टक्के त्याच्या नावावर टाकू नयेत.

एवढा आटापिटा कशासाठी?

एक पुश इकडे गेले की तिकडे, यात कुणाचे मोठे नुकसान होत नाही. नुकसान होते ते ‘चालला नाही’ या दोन शब्दांनी. ते बैठकीतून फोनवर जातात आणि फोनवरून तालुक्यात. दोन दिवस चाळी फिरलेल्या वार्ताहराला ते दुपारी अडीचला कळतात. त्याचा प्रेक्षक तेव्हा अजून शेतातून घरीही आलेला नसतो. पुढच्या वेळी तो कांद्याचा विषय सुचवत नाही, बिबट्याची वाट बघतो. असे सहा महिने चालले की चॅनेलवर बिबटेच उरतात, आणि मग आपणच म्हणतो की आमच्या प्रेक्षकाला हेच आवडते.

आमच्या शीटच्या वर आता एक ओळ लिहिली आहे : २४ तासांच्या आधी व्हिडीओबद्दल फक्त ‘कुठे कमी पडतोय’ असे बोलायचे. त्या मंगळवारच्या वार्ताहराने गेल्या आठवड्यात नवा विषय पाठवला, शेततळ्याच्या प्लॅस्टिक कागदाचा. सकाळी अकरालाच टाकू या, म्हणाला, पण घंटा द्या. मी त्याला सांगितले, घंटा दिली तर तुझा गट बदलेल. तो हसला आणि म्हणाला, ‘‘मग रात्री बघू.’’